हाफ टू थ्री

मराठी घड्याळ अपूर्णांकांवर चालते. सव्वा म्हणजे सपाद, अर्थात पाव अधिक. साडे म्हणजे सार्ध, अर्धा अधिक. आणि पावणे म्हणजे पादोन, पावभर उणे. मिळवायचे की वजा करायचे हे अशा रीतीने शब्दाच्या पोटातच सांगितलेले असल्यामुळे मराठी माणसाला वेळ सांगताना वेगळा विचार करावा लागत नाही. इंग्रजीत मात्र सव्वा आणि पावणे या दोघांचे काम 'क्वार्टर' हा एकच शब्द करतो व बेरीज-वजाबाकीचा निर्णय मागून येणाऱ्या, बोलताना निम्म्या गिळल्या जाणाऱ्या 'पास्ट' किंवा 'टू' या शब्दावर सोपवतो. या सांध्यावर ज्याचे पाऊल घसरते, असा इंग्रजीतून वेळ सांगणारा मराठी गृहस्थ हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

हा गृहस्थ अडाणी नसतो, हे आधीच नोंदवणे न्याय्य ठरेल. त्याचा इंग्रजी पत्रव्यवहार निर्दोष असतो, खात्यातील कनिष्ठ मंडळी आपले मसुदे त्याच्याकडून तपासून घेतात. परंतु परप्रांतीय सहकाऱ्याने वेळ विचारली, की तो प्रथम मनगटाकडे, मग छताकडे पाहतो, आणि या दोन दृष्टिक्षेपांच्या दरम्यान भाषांतर पार पडते. पाच वाजून दहा मिनिटे झालेली असतात. मराठीत तास आधी आणि मिनिटे मागून येतात, म्हणून तो शब्दांची रांग न मोडता 'फाइव्ह पास्ट टेन' असे सांगतो, ज्याचा अर्थ दहा वाजून पाच मिनिटे असा होतो. सहाला दहा कमी असताना तो त्याच प्रामाणिकपणे 'सिक्स टू टेन' म्हणतो. ही वेळ काटेकोरपणे नऊ चोपन्नची ठरते, आणि ऐकणाऱ्याला मात्र सहा ते दहा असा एखाद्या दुकानाचा कामाचा वेळ सांगितल्यासारखे वाटते.

याहून अवघड प्रसंग दुपारी एकच्या आसपास ओढवतो. मराठीत 'पाऊण वाजला' किंवा 'सव्वा वाजला' म्हटले, की त्यातील एक हा आकडा उच्चारावा लागत नाही. गृहस्थ त्याच सवयीने 'क्वार्टर पास्ट' म्हणून थांबतो, आणि समोरचा पुढच्या आकड्याची वाट पाहत उभा राहतो. दोघेही सभ्य असल्यामुळे ही शांतता बरीच लांबते.

त्याच्या कीर्तीचा कळस म्हणजे अडीच. साडे हा उपसर्ग तीनपासून पुढे लागतो; साडेएक आणि साडेदोन या वेळा मराठीत वाजत नाहीत, त्यांच्या जागी दीड आणि अडीच येतात, आणि या शब्दांत कोणताही तास ऐकू येत नसल्याने गृहस्थाला आधार सापडत नाही. अशा वेळी तो शेजारच्या पावणेतीनकडे वळतो. पावणेतीन म्हणजे 'क्वार्टर टू थ्री' हे त्याला पाठ असते; पाव कमी असता क्वार्टर, तर अर्धा कमी असता हाफ, असे त्रैराशिक मांडून तो दूरध्वनीवर 'हाफ टू थ्री' असे ठणकावून सांगतो. पलीकडचा चाचरत 'टू थर्टी?' असे विचारतो, तेव्हा तो किंचित नाराजीने 'येस, हाफ टू थ्री' असे म्हणून स्वतःचेच म्हणणे पक्के करतो.

येथे टीकाकारांनी थोडे थांबावे. अडीच हा शब्द संस्कृतातील अर्धतृतीय या शब्दापासून आलेला आहे, म्हणजे ज्यातील तिसरा अर्धाच आहे असा. दीडचीही घडण तशीच, दुसरा अर्धा अशी. जर्मन लोक आजही अडीचला 'अर्धे तीन' या अर्थाचे 'हाल्ब द्राय' म्हणतात. तेव्हा इंग्रजीच्या दृष्टीने अशुद्ध असलेला हा प्रयोग व्युत्पत्तीच्या दृष्टीने चोख ठरतो, फक्त गृहस्थाला स्वतःच्या विद्वत्तेचा पत्ता नसतो.

अमेरिकेत स्थायिक झालेला भाचा या विद्वत्तेची अखेरची परीक्षा घेतो. तिकडे पावणेसहाला 'क्वार्टर ऑफ सिक्स' असेही म्हणतात. लहानपणी पावकी, निमकी घोकलेल्या मामांच्या हिशेबी सहाचा पाव म्हणजे दीड होतो. त्यामुळे भाच्याचा संध्याकाळचा फोन घेण्यासाठी ते दुपारी दीडपासून, जेवण अर्धवट टाकून, यंत्राशेजारी बसून राहतात.

ज्यांना अशा गृहस्थाशी भेट ठरवायची असेल, त्यांनी वेळ मराठीतच विचारावी. मराठीत सांगितलेल्या वेळेवर तो पाच मिनिटे आधीच येऊन उभा असतो.