मामांची काख आणि उजेडाचं गणित

मे महिना, चिपळूण, भर दुपारचा मुहूर्त आणि मामांचा आकाशी शर्ट. काळा किंवा गडद निळा शर्ट माणसाचा घाम पोटात घालतो. आकाशी आणि करडा हे जातीचे चहाडखोर. त्यात मामांनी ग्रुप फोटोत आशीर्वादाचा हात वर केलेला. काखेत सबंध गोव्याचा नकाशा, किनारपट्टीसकट!

'फोटोशॉप येतं' अशी माझी ख्याती असल्याने खटला माझ्याकडे आला. त्याआधी स्टुडिओवाल्याने छातीवरचं कोरडं कापड उचलून काखेत चिकटवलं होतं. डाग गेला, पण चुण्याही गेल्या. मामांचा हात वर आणि शर्टाला त्याचा पत्ताच नाही!

खरं तर ओल्या जागी कापड जसंच्या तसं असतं. पाणी धाग्यांमधल्या फटी भरून टाकतं, त्यामुळे प्रकाश उसळून परत येण्याऐवजी आत मुरतो आणि कापड गडद दिसतं. म्हणजे डाग झाकायचा नसतो, उजळायचा असतो. मूळ फोटोवर Curves चा लेयर घेतला आणि रेघ मधोमध धरून वर ओढली. सगळं वऱ्हाड भुतासारखं पांढरं पडलं. मग मास्क निवडून Ctrl+I दाबलं, वऱ्हाड पूर्ववत. आता मऊ पांढरा ब्रश, फ्लो दहा टक्के, आणि फक्त काखेवरून हलके हलके हात. चुण्या जागच्या जागी राहिल्या, गोवा ओसरला.

पण उजळलेला भाग शेजारच्या कापडापेक्षा जास्तच निळा दिसू लागला. ओल्या कापडाचा रंग गडद तसा भडकही असतो. तेव्हा त्याच मास्कने सॅच्युरेशन जरा उतरवलं. राहिली किनारपट्टी. त्या काळपट रेघेवर नव्या लेयरवर क्लोन स्टँप फिरवला, लेयरचा मोड Lighten. त्यात फक्त गडद ठिपके बदलतात, उजळ धाग्यांना धक्का लागत नाही.

एवढ्यात मामा म्हणाले, "आता बाबांचंही बघ रे!" आजोबांचा शर्ट पांढरा. तो भिजला की पारदर्शक होतो आणि आतलं बनियन, त्याच्या भोकासकट, दर्शन देतं. तिथे नुसतं उजळून काय होणार? बनियन आणखी उजळ दिसणार. तिथे मात्र कोरडं कापडच आणावं लागतं, तेही तशाच चुणीचं, तशाच उजेडातलं.

शेवटी फोटो लहान करून लांबून पाहिला. डोळा काखेकडे जात नव्हता. मामी चष्मा लावून बराच वेळ बघत राहिल्या.

"छान झालंय हो. पण नवरदेव घामाने निथळतोय, भटजी निथळतायत, आणि हे एकटेच कोरडे? लग्नात काही काम केलं नाही हे सगळ्यांना कळेल."

मी मुकाट्याने काखेच्या लेयर्सची ओपॅसिटी साठ टक्क्यांवर आणली आणि मामांना थोडं कामाला लावलं.