फुली, वडा आणि दोन मिनिटं

(एका उपनगरातलं घर. संध्याकाळचे पाच. व्याख्यानमालेतल्या उद्याच्या व्याख्यानाचा विषय ‘घाटातली रेल्वे’. पाहुणे रेल्वेचे निवृत्त चालक. निवेदिका वही घेऊन आल्या आहेत. काकू स्वयंपाकघरात आहेत, पण कान बाहेर आहेत.)

पाहुणे : या ताई, बसा. परिचय तयारच आहे, हा घ्या. चार पानं. नातवाने टाइप करून दिलाय.

निवेदिका : बापरे! काका, मला दोन मिनिटं मिळतात. म्हणजे दोनशे शब्द, फार तर सव्वादोनशे.

पाहुणे : मागच्या वर्षी ज्यांनी परिचय करून दिला ते अठरा मिनिटं बोलले होते.

निवेदिका : आणि पहिलंच वाक्य होतं, ‘यांना परिचयाची गरज नाही.’ न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून व्याख्यानं तासाभराचीच राहिली असतील. वाढला तो परिचय.

पाहुणे : मग आला आहात कशाला? यातले दोनशे शब्द कापून घ्या.

निवेदिका : यात जन्म, शिक्षण, नेमणुका आणि बारा सत्कार आहेत. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काही उभं राहील असं एकही वाक्य नाही. ते तुमच्याकडून काढायला आलेय.

पाहुणे : विचारा. अविस्मरणीय प्रसंग ना? तसा काही… म्हणजे सगळेच तसे… आता आठवत नाही बुवा.

निवेदिका : मी तो प्रश्न विचारतच नाही. ‘अविस्मरणीय’ म्हटलं की माणसाला काही आठवत नाही. मला एवढंच सांगा, घाटात इंजिन चालवताना समोरच्या काचेतून काय दिसायचं?

पाहुणे : काय दिसणार! फुली.

निवेदिका : फुली?

पाहुणे : अहो, मी बँकरवर होतो ना. कर्जतला गाडीच्या मागे इंजिनं लावतात, दोन-तीन. पुढचं इंजिन ओढतं, आम्ही मागून ढकलतो, लोणावळ्यापर्यंत. समोर शेवटच्या डब्याची पाठ, आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. प्रवाशांना दऱ्या, धबधबे, बोगदे. मला फुली. शाळेत गणिताच्या वहीवर होतीच, नोकरीतही तीच.

निवेदिका : (भराभर लिहीत) वा! हे चार पानांत कुठेच नाही.

पाहुणे : त्यात काय लिहायचं? ते तर रोजचंच.

निवेदिका : रोजचंच हवंय. बरं, हा घाट किती चढाचा?

पाहुणे : सदतीसात एक.

निवेदिका : म्हणजे?

पाहुणे : सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. रेल्वेला हा फार कडक चढ. लोखंडावर लोखंड चालतं ताई, रबराची पकड नसते. एकट्या इंजिनाची चाकं जागेवरच फिरतील.

निवेदिका : थांबा. आपलं सभागृह दारापासून मंचापर्यंत साधारण तेवढंच लांब आहे आणि मंच मीटरभर उंच. म्हणजे दारातून निघालेली गाडी मंचापाशी येईल तेव्हा मंचाच्या उंचीवर असेल.

पाहुणे : बरोबर. पण हे एवढंसं वाटतं हो.

निवेदिका : हजारभर माणसं आत बसवून ढकला म्हटलं की वाटणार नाही. आता हे दुसऱ्या पानावरचं, ‘दरड कोसळली असता प्रसंगावधान दाखवून हजारो प्रवाशांचे प्राण वाचवले.’ हे कधीचं? तुम्ही नेमकं काय केलंत?

पाहुणे : ते… नातवाने जरा रंगवलंय.

निवेदिका : रंग बाजूला ठेवू. तुमचा हात कुठे होता, ते सांगा.

पाहुणे : पावसाळा होता. रुळावर दगड आला होता, तो पुढच्या चालकाने बघितला आणि ब्रेक मारला. मला कुठला दगड दिसणार? समोर फुली! मला दिसला तो गेजचा काटा. ब्रेक पाइपचा दाब पडला की काटा खाली येतो. काटा पडला, तशी मी पॉवर काढली. झालं.

निवेदिका : म्हणजे तुम्ही…

पाहुणे : ढकलणं थांबवलं.

काकू : (आतून) हेच घरी कधी जमलं नाही.

पाहुणे : हसू नका ताई, काम तेच असतं. पुढचा थांबतोय आणि मागचा ढकलतोच आहे असं झालं, तर मधले डबे चेपून रुळाबाहेर जातात. घाटात रुळाबाहेर म्हणजे कुठे, ते तुम्हाला माहीत आहे.

निवेदिका : काका, ‘हजारो प्राण वाचवले’ यापेक्षा ‘योग्य वेळी ढकलणं थांबवलं’ हे कितीतरी चांगलं आहे. ते खरं आहे आणि दुसऱ्या कुणाच्या परिचयात बसणार नाही. प्राण काय, राजकारणीही वाचवतात.

पाहुणे : आणि तो पुढचा चालक? त्याचं श्रेय त्याला द्या.

निवेदिका : देते. बरं, माझी एक टीप वाचते, चूक असेल तर अडवा. ‘काका डाऊन गाड्यांवर असत, म्हणजे गाड्या घाटातून खाली उतरवत.’

पाहुणे : अरे देवा! उलटं, उलटं! मुंबईकडे जाणारी ती अप, मुंबईपासून लांब जाणारी ती डाऊन. पुण्याकडे घाट चढणारी गाडी डाऊन, आणि उतरणारी अप.

निवेदिका : मी हे उद्या बोलले असते तर?

पाहुणे : पहिल्या तीन रांगांत रेल्वेचे निवृत्त लोक असतात. माझ्या भाषणापेक्षा तुमची ती चूक त्यांनी जास्त दिवस सांगितली असती.

निवेदिका : म्हणून टिपा वाचून दाखवायच्या. माणूस स्वतःहून जे सांगत नाही, ते चूक दुरुस्त करताना सांगतो. आता उतरताना काय होतं, तेही सांगा.

पाहुणे : उतरताना भीती ब्रेकची. त्यासाठी कॅच सायडिंग असतं. मुख्य मार्गातून फुटलेला, वर चढत जाणारा रूळ. सांधा आधीपासून त्याच्याकडे लावलेला असतो. तुम्ही गाडी आणून उभी करायची. उभी राहिली, म्हणजे गाडी ताब्यात आहे. मग सांधा मुख्य मार्गाला लावून देतात. नाही उभी राहिली, तर ती सरळ चढावर जाते आणि आपोआप दमते.

निवेदिका : म्हणजे तिथे आधी अविश्वास, मग रस्ता.

पाहुणे : सासरसारखं.

काकू : (बाहेर येत) कुणाच्या सासरसारखं?

पाहुणे : चहा आला वाटतं.

निवेदिका : (हसू दाबत) हा सायडिंगचा तपशील मी घेणार नाही, तो समजवायलाच दोन मिनिटं जातील. फुलीने सुरुवात करते. ‘ज्या माणसाने नोकरीभर समोर फक्त एक फुली पाहिली…’

पाहुणे : अहो, अहो! ते नको!

निवेदिका : का?

पाहुणे : माझ्या भाषणाचं पहिलं वाक्यच ते आहे. गणिताच्या वहीसकट.

निवेदिका : (वहीतलं पान आडवं खोडत) मेले. हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारायला हवा होता, तुम्ही सुरुवात कशाने करणार आहात.

पाहुणे : एकदा एका कवींच्या बाबतीत झालं होतं म्हणे. परिचय करून देणाऱ्याने त्यांचे तिन्ही किस्से आधीच सांगून टाकले. कवी उभे राहिले आणि ‘आभारी आहे’ म्हणून बसले.

निवेदिका : म्हणून तर. चांगली गोष्ट हातात आली की परिचय देणाऱ्यालाच ती सांगायची खुमखुमी येते. पण टाळी तुमची. तुमच्या भाषणात अजून काय काय आहे?

पाहुणे : फुली, सदतीसात एक, दरड, सायडिंग.

निवेदिका : सगळंच संपलं! मग माझ्याकडे उरलं काय? काकू, तुम्हीच सांगा. काकांच्या नोकरीतलं तुम्हाला सगळ्यात जास्त चिडायला लावणारं काय होतं?

काकू : वडा.

निवेदिका : वडा?

काकू : कर्जतचा. जगात सगळ्यांना कर्जतला बटाटावडा मिळतो. गाडी थांबली की अख्खा डबा खिडक्यांना चिकटतो. आणि हे तिथेच नोकरीला असून घरी कधी एक वडा आणला नाही. विचारलं की म्हणायचे, ‘वेळ कुठे असतो? गाडी आली की इंजिन लावायचं.’

निवेदिका : एक मिनिट. कर्जतला गाड्या थांबतात त्या कशासाठी?

पाहुणे : बँकर लावायला. इंजिन हळूच डब्याला टेकवायचं, कपलिंग, ब्रेक पाइप जोडायचा, दाब आला का बघायचं. मग निघायचं.

निवेदिका : आणि तेवढ्या वेळात वडे विकले जातात!

पाहुणे : म्हणजे काय! नुसती पुढे निघून गेली असती गाडी, तर दिवाडकरांचा वडा एवढ्या लोकांनी कुठून खाल्ला असता?

निवेदिका : सापडलं. काकू, वड्याचं मी बोलू शकते का? चालेल?

काकू : बोल की. ऐकू देत सगळ्यांना.

निवेदिका : आता सांगण्यासारखं नाही असं काही?

पाहुणे : सत्कार सगळे गाळा, चालेल. वय सांगू नका. आणि ‘आपल्या व्यस्त वेळातून वेळ काढून’ म्हणू नका. मी सकाळपासून रिकामा असतो.

निवेदिका : आडनाव? पाटीवर एक आहे आणि पत्रिकेवर ऱ्हस्व-दीर्घ वेगळं आहे.

पाहुणे : पाटीवरचं बरोबर. पत्रिकेवाल्याला कुणी विचारलंच नाही.

निवेदिका : मग ऐका, उभ्याउभ्याच रचते. (घसा साफ करून) ‘पुण्याला गाडीने जाताना कर्जतला बटाटावडा कोणी कोणी खाल्लाय? हात वर करा. गरम होता ना? तो तुम्हाला खाता आला, कारण गाडी तिथे थांबली. ती थांबली, कारण भोर घाटाचा चढ तिला एकटीला झेपत नाही. तुम्ही खिडकीतून वडा घेत होतात, तेव्हा गाडीच्या मागच्या टोकाला एक माणूस इंजिन इतक्या अलगद टेकवत होता, की तुमच्या हातातल्या वड्यावरची चटणीही सांडली नाही. त्यांना तुम्ही कधी पाहिलं नाही, कारण ते शेवटच्या डब्याच्याही मागे असत. आज मात्र ते पुढे बसले आहेत. अख्खी नोकरी वड्यांच्या गावात करूनही ज्यांना एक वडा खायला वेळ मिळाला नाही, ते आज आपल्याला घाट चढवून नेणार आहेत…’ आणि मग तुमचं नाव. नाव शेवटी, म्हणजे टाळ्या नावावर पडतील.

पाहुणे : छान. फार छान. फक्त ते एक वाक्य…

निवेदिका : कोणतं?

पाहुणे : वडा खायला वेळ मिळाला नाही, ते. पहिल्या तीन रांगा हसतील हो.

निवेदिका : का?

पाहुणे : (आवाज उतरवून) अहो, गाडी लोणावळ्याला सोडली की रिकामं इंजिन घेऊन आम्ही परत कर्जतला यायचो. पुढची गाडी येईपर्यंत बसूनच असायचो. वडेवाले ओळखीचे. कढईतनं निघाला की पहिला घाणा आमचा.

काकू : काय?

पाहुणे : रोज नाही गं.

काकू : म्हणजे डबा अर्धा भरलेला परत यायचा तो… ‘कामाच्या धबडग्यात जेवायला सवडच झाली नाही’… आणि मी दुसऱ्या दिवशी दोन पोळ्या जास्त द्यायचे!

निवेदिका : (ते वाक्य खोडत) बरं झालं वाचून दाखवलं.

पाहुणे : ताई, ते ‘सांगू नये’ मध्ये घाला.

निवेदिका : घातलं.

काकू : तू घाल गं. श्रोत्यांच्या प्रश्नोत्तरांत मी हात वर करणार आहे.