वीस जुळ्यांचं बारसं

प्रात्यक्षिक परीक्षेआधी लॅबमधल्या वीस संगणकांवर एकसारखं व्हर्च्युअल मशीन बसवायचं काम आमच्या पॉलिटेक्निकमध्ये "जरा बघून घ्या" एवढ्या तीन शब्दांत सोपवलं जातं. सोपवणाऱ्याची समजूत अशी, की एक मशीन तयार करायचं आणि ते वीसदा चिकटवायचं. मी त्यावर एक पानभर यादी केली आहे. ज्या वर्षी जो शिक्षक तावडीत सापडेल, त्याच्या हातात ती द्यायची. पहिला मसुदा वाचून एक सहकारी म्हणाले, "सर, ही यादी आहे की फिर्याद?"

पहिलं कलम संगणकाबद्दल नाहीच. ते आहे, 'लॅब असिस्टंटना चहा पाजा आणि संगणक फ्रीझ केलेत का, ते विचारा.' मुलांनी दिवसभर घातलेला गोंधळ पुसायला लॅबमध्ये एक सॉफ्टवेअर असतं. संगणक पुन्हा सुरू केला, की सी ड्राइव्ह पूर्वी होता तसा. आणि व्हर्च्युअलबॉक्स नवं मशीन ठेवतं ते, तुम्ही वेगळं सांगितलं नसेल तर, नेमकं सी ड्राइव्हवरच. त्यामुळे संध्याकाळी विसावं मशीन चढवून समाधानाने घरी गेलेला शिक्षक सकाळी परत येतो, तेव्हा लॅब त्याला ओळखसुद्धा दाखवत नाही. म्हणून फ्रीझ आधी काढायचं, आणि परीक्षा संपेपर्यंत परत लावायचं नाही. लावलं आणि मधेच वीज गेली, तर मुलांनी लिहिलेलंही त्याच वाटेने जातं.

पेनड्राइव्हचं कलम एका ओळीत संपतं. मूळ मशीनची ओव्हीए फाइल ४ जीबीच्या वर गेली, की एफएटी३२ पेनड्राइव्ह ती घेत नाही, मग तो ३२ जीबीचा का असेना. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा आणि पुढे चला.

मग कासव. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, तर व्हर्च्युअलबॉक्स तसं स्वच्छ सांगतं, त्याबद्दल त्याचे आभार. पण विंडोजची हायपर-व्ही किंवा 'Memory integrity' चालू असेल, तर प्रोसेसरची ती सोय विंडोज स्वतःकडे ठेवतं. मशीन सुरू होतं, चालतंही, पण खिडकीच्या खालच्या पट्टीत एक हिरवं कासव येऊन बसतं. हे कोणा विद्यार्थ्याने चिकटवलेलं नाही, ती व्हर्च्युअलबॉक्सचीच खूण आहे: मी धावतो आहे, पण दुसऱ्याच्या परवानगीने. तेव्हा वीसही खिडक्यांच्या तळाशी वाकून बघायचं. कासवावर बसलेल्या मुलाला तीन तासांचा पेपर तीन तासांत सोडवायला सांगणं मला पटत नाही.

आता यादीतली अर्धी जागा खाणारं कलम. आमचा प्रश्न साधा असतो. मशीनमध्ये उबुंटू सर्व्हर आणि अपाची बसवलेलं आहे. मुलाने अपाची सुरू करायचं, आपल्या बैठक क्रमांकाचं पान बनवायचं आणि बाह्य परीक्षकांनी आपल्या खुर्चीवरून ते ब्राउझरमध्ये बघायचं. त्यासाठी प्रत्येक मशीनचं नेटवर्क कार्ड 'ब्रिज्ड' करावं लागतं, म्हणजे राउटर प्रत्येकाला स्वतंत्र पत्ता देतो. आता दृश्य बघा. परीक्षक 192.168.1.57 उघडतात, १२ नंबरच्या मुलीचं पान दिसतं. रिफ्रेश करतात, १७ नंबरच्या मुलाचं दिसतं. परीक्षक सज्जन असले तर "नेटवर्कचा प्रॉब्लेम" म्हणतात, नसले तर "कॉपी" म्हणतात.

मुलं निर्दोष असतात. जुळ्यांचं बारसं करताना सगळ्यांना एकच नाव ठेवलेलं असतं, एवढंच. आणि ते नाव दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, हे कळेपर्यंत माणूस अर्धवट शहाणा होतो.

पहिलं ठिकाण नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता. मूळ मशीन तयार करताना कार्ड 'नॅट'वर ठेवलेलं असतं, आणि त्यात काही गैर नाही. पण ओव्हीए आयात करताना मॅकबद्दल जो पर्याय आपोआप निवडलेला येतो, तो नॅटवरच्या कार्डाचा पत्ता आहे तसाच ठेवतो. नॅटमध्ये राहिलं तर त्याने कोणाचं बिघडत नाही. तिथे प्रत्येक मशीनला 10.0.2.15 मिळतो आणि सगळे आपापल्या घरात सुखी असतात. आयातीनंतर कार्ड ब्रिज्ड केलं, की वीस मशीन एकाच मॅकने राउटरच्या दारात उभी राहतात. म्हणून आयात करतानाच सगळ्या कार्डांना नवे मॅक देणारा पर्याय निवडायचा, वीसही वेळा.

एवढं करूनही परीक्षकांना १७ नंबरचं पान दिसत राहिलं, तर दुसरं ठिकाण. उबुंटू सर्व्हर राउटरकडे पत्ता मागताना ओळख म्हणून मॅक सांगत नाही, `/etc/machine-id` या फाइलवरून बनवलेली खूण सांगतो. फाइल मूळ मशीनमधून सगळीकडे गेलेली, म्हणून खूणही एकच. राउटर बिचारा म्हणतो, अरे तू मघाशीच आला होतास की, घे तुझा जुनाच पत्ता. उपाय मूळ मशीनमध्ये, निर्यातीच्या अगदी आधी:

```
sudo truncate -s 0 /etc/machine-id
sudo poweroff
```

फाइल रिकामी असली, की प्रत्येक मशीन पहिल्यांदा सुरू होताना स्वतःची नवी ओळख बनवतं. यापुढे यादीत जाड अक्षरांत लिहिलं आहे: 'मूळ मशीन आता सुरू करू नये.' कारण "एकदा चालू होतंय ना बघू" म्हणणारा माणूस प्रत्येक विभागात असतो. त्याने बघितलं, की ओळख त्याच क्षणी तयार होते आणि पुन्हा तीच वीस ठिकाणी जाते.

दोष कुठला ते ओळखायला दोन मशीनवर `ip a` द्यायचं. `link/ether` पुढचा मॅक दोन्हीकडे तोच असेल, तर आयात चुकली. मॅक वेगळा आणि त्याखालच्या `inet` पुढचा पत्ता तोच, तर machine-id. आमच्याकडे दोन शिपाईमामा रांगांमधून हे आकडे मोठ्याने वाचतात. लॅबमध्ये तेवढा वेळ भिशी उघडल्यासारखं वाटतं.

पत्ते जुळेनासे झाले, की प्रत्येक मशीन बंद करून 'परीक्षेआधी' नावाचा स्नॅपशॉट घ्यायचा. ओव्हीएमधून स्नॅपशॉट येत नाहीत, त्यामुळे हेही वीसदा. दुसऱ्या तुकडीला कोरं मशीन द्यायला याच्यासारखी सोय नाही. पण यातच एक धोका लपलेला आहे. स्नॅपशॉट असलेल्या मशीनची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद केली, की येणाऱ्या चौकटीत 'Restore current snapshot' असा एक छोटा चौकोन असतो. मन लावून अभ्यास करणारी मुलं प्रत्येक चौकोनात खूण करतात. तशी खूण झाली, की तीन तासांचं काम जातं आणि मशीन सकाळइतकं टवटवीत होतं. म्हणून मुलांना परीक्षेआधी एकच गोष्ट घोटून घ्यायची: फुलीला हात लावायचा नाही, आतून `sudo poweroff` द्यायचं, आणि तेही परीक्षकांनी पान बघितल्यावर.

पहिल्या तुकडीच्या `/var/www/html` फोल्डरची प्रत दुसरीकडे घेतल्याशिवाय स्नॅपशॉटवर परत जायचं नाही, हे शेवटचं कलम. यादी विभागप्रमुखांकडे पाठवली. ती हिरव्या शाईतल्या शेऱ्यासह परत आली: 'योग्य. तीन प्रती काढून एनबीएच्या फायलीत लावाव्यात.' लॅबमध्ये लावायची प्रत त्या तिनांत नव्हती.