विलीनीकरण जाहीर कसे करावे?

दोन कंपन्या एकत्र करायच्या ठरल्या, की साहेबांनी आधी एक वाक्य घोटून पाठ करावे : 'कोणाचीही नोकरी जाणार नाही.' 2007 मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या, तेव्हा सरकारने हाच शब्द दिला होता. वाक्य मोठे सोयीचे आहे. ते ऐकून टाळ्या पडतात आणि 'नोकरी राहील, पण कोणाच्या हाताखाली?' हे विचारायचे त्या दिवशी तरी राहून जाते.

पुढची पायरी म्हणजे ज्येष्ठतेची एकत्र यादी करू नये. वैमानिकाच्या बाबतीत तर मुळीच नाही. कोणते विमान उडवायचे, सहवैमानिकाचा कॅप्टन कधी व्हायचे, हे सगळे यादीतल्या क्रमांकावर ठरते; पगारही त्याच्याच मागोमाग येतो. एक कंपनी मुख्यतः परदेशी उड्डाणांची, दुसरी मुख्यतः देशांतर्गत. दोन्हीकडच्या बढतीच्या चाली वेगळ्या, भत्ते वेगळे. अशा दोन याद्या एकमेकींत कशा ओवायच्या, हे ठरवायला घोषणेनंतर चार वर्षांनी न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी. तोवर मंडळी आपापल्या जुन्या संघटनांत बसून एकमेकांचे पगार मोजत राहतील. त्यांना तेवढेच काम!

2011 मध्ये पूर्वाश्रमीचे इंडियन एअरलाइन्सवाले समान पगारासाठी संपावर गेले. 2012 मध्ये पाळी पूर्वाश्रमीच्या एअर इंडियावाल्यांची. बोइंग 787 विमाने विलीनीकरणाआधी आपल्या कंपनीने मागवलेली, मग त्या विमानांच्या प्रशिक्षणात इंडियन एअरलाइन्सवाल्यांचा वाटा कसा, हा त्यांचा सवाल. पाहुण्यांनी आमच्या ताटात हात घातला, असा एकूण सूर. तो संप 58 दिवस चालला. विमाने यायची होती, भांडण आधीच येऊन बसले.

दोन संस्कृतींचे काय करावे? नाव बदलावे, बोधचिन्ह बदलावे. बाकी आपोआप जमेल असे मानावे. विमानांवर एकच नाव रंगवून झाले, तरी इंडियन एअरलाइन्सचा 'आयसी' हा उड्डाण-संकेत 2011 पर्यंत टिकून होता. म्हणजे प्रवाशालाही तिकिटावरून कळे, की आपण खरे कोणाच्या विमानात बसलो आहोत.

यातून कोणी शिकलेच, तर निदान पगाराचा करार तरी बेसावध क्षणी पुढे करावा. 2024 च्या सुरुवातीला, एअर इंडियात विलीन व्हायच्या आधी, 'विस्तारा' कंपनीच्या वैमानिकांपुढे नवा करार आला. निश्चित पगार आता 70 नव्हे, 40 तासांच्या उड्डाणावर. लगेच आजारपणाच्या रजा वाढल्या, उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला रोजची पंचवीस-तीस उड्डाणे कमी करावी लागली.

ही सगळी पद्धत ज्यांना नको असेल, त्यांच्यासाठी एक नीरस पर्याय आहे : घोषणेच्या दिवशीच प्रत्येकाचा नवा वरिष्ठ आणि यादीतला क्रमांक लेखी सांगावा, जे ठरले नसेल, ते कधी ठरेल याची तारीख द्यावी. मात्र त्यासाठी साहेबांना ते आधी ठरवावे लागते.