आडव्याचं उभं

आमच्या येळ्ळुरात कुणाचा मोबाइल अडकला, कुणाला वीजबिल ऑनलाइन भरायचं झालं, तर माणसं माझ्याकडे येतात. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मी स्टोअरचा हिशेब ठेवतो. दिवसभर कॉम्प्युटरसमोर असतो, एवढंच माझं भांडवल. पण गावात त्याला फार भाव आहे आणि तो उतरू नये याची मी मनापासून काळजी घेतो. कुणी काही विचारलं की आधी भुवया आवळायच्या, मग "जरा किचकट हाय" म्हणायचं आणि शेवटी दोन बटणं दाबायची. पहिल्या दोन पायऱ्या गाळल्या तर तिसरीला किंमत राहत नाही.

त्यामुळे दहावीच्या वर्गशिक्षिका बाई पेन ड्राइव्ह घेऊन दारात आल्या तेव्हा मी भुवया आवळूनच चहा सांगितला. पूर्वपरीक्षेचे गुण होते. एका मुलाला एक ओळ: हजेरी क्रमांक, नाव, मग मराठी, इंग्रजी, कन्नड, गणित, विज्ञान, समाजविज्ञान. त्रेचाळीस मुलं, त्रेचाळीस ओळी. पालकसभेत प्रत्येक पालकाच्या हातात गुणांचा कागद द्यायचा होता. गेल्या खेपेला कुणीतरी तक्ता छापून, कात्रीने आडव्या पट्ट्या कापून वाटल्या होत्या. विषयांची नावं सगळ्यात वरच्या पट्टीबरोबर पहिल्या मुलाच्या घरी गेली. बाकी बेचाळीस घरांत सहा नुसते आकडे पोचले. त्यातला गणिताचा कुठला आणि कन्नडचा कुठला, हे पोरगं सांगेल ते खरं. पोरांनी काय सांगितलं असेल, ते सांगायला नको.

बाईंनी स्वतः एक प्रयत्न करून पाहिला होता. सगळा तक्ता कॉपी करून Paste Special मधलं Transpose दाबलं. आडव्याचं उभं झालं खरं, पण सगळ्या वर्गाचं एकदम झालं. विषय डावीकडे एकदाच आले आणि उजवीकडे त्रेचाळीस मुलं शेजारी शेजारी उभी राहिली. कात्री आता उभी चालवायची, एवढाच फरक. हवं होतं ते वेगळं: एकेका मुलाचा सुटा ठोकळा. वर नाव, खाली विषय, एका ओळीत एकच विषय, शेवटी एकूण.

मी दहा ओळींचा ठोकळा ठरवला. पहिली ओळ नावाची, सहा विषयांच्या, एक एकूण गुणांची, एक शेऱ्याची आणि दहावी रिकामी, कात्री फिरवायला. दहा धरल्यामुळे गणित सोपं होतं. नव्या पानावरची कुठलीही ओळ घ्या, तिच्या क्रमांकातून एक वजा करा आणि दहाने भागा. भागाकारात एक मिळवला की कितवा मुलगा ते कळतं, आणि बाकी उरते ती त्या ठोकळ्यातली जागा: शून्य म्हणजे नाव, एक ते सहा विषय, सात म्हणजे एकूण. एकशे सत्ताविसावी ओळ घ्या. १२६ भागिले १०, भागाकार बारा, बाकी सहा. म्हणजे तेराव्या मुलाचा सहावा विषय, समाजविज्ञान. चौथीतल्या पोराला येणारा भागाकार आहे; पण तो INT आणि MOD या नावांनी केला की बघणारा गप्प बसतो.

बाईंच्या तक्त्याच्या पानाला Marks नाव दिलं. त्याच्या पहिल्या ओळीत विषयांची नावं, दुसरीत कमाल गुण आणि तिसरीपासून मुलं. कमाल गुणांची ओळ लागतेच, कारण आमच्याकडे दहावीला पहिली भाषा १२५ गुणांची आणि बाकीचे पाच विषय शंभराचे, मिळून ६२५. नुसता ८८ छापला तर तो सव्वाशेपैकी की शंभरपैकी, यावर घराघरात वाद. नव्या पानावर मग ही सूत्रं:

```
A1: =INT((ROW()-1)/10)+1
B1: =MOD(ROW()-1,10)
C1: =IF(B1=0,INDEX(Marks!$B:$B,A1+2),IF(B1<=6,INDEX(Marks!$1:$1,B1+2),IF(B1=7,"एकूण",IF(B1=8,"शेरा",""))))
D1: =IF(B1=0,INDEX(Marks!$A:$A,A1+2),IF(B1<=6,INDEX(Marks!$A:$H,A1+2,B1+2),IF(B1=7,SUM(INDEX(Marks!$C:$H,A1+2,0)),"")))
```

A आणि B हे मदतनीस. छापताना ते लपवायचे. चारी सूत्रं ४३० ओळींपर्यंत खाली ओढली की काम झालं. कमाल गुण याच चालीने E मध्ये आणता येतात. मी ओढली आणि बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाई शेऱ्याच्या ओळीकडे बघत होत्या. "हितं काय येणार?"

हा माझा जिव्हाळ्याचा विषय, तेव्हा थोडं थांबतो. प्रगतिपुस्तकातला शेरा हा मराठीतला सर्वांत उपेक्षित वाङ्मयप्रकार आहे असं माझं ठाम मत आहे. दोन-तीन शब्दांत अख्खं माणूस मांडायचं, तेही त्याच्या बापाला कळेल पण राग येणार नाही अशा बेताने. 'प्रगती समाधानकारक' हा शेरा वाचून समाधान पावलेला एकही बाप मी पाहिलेला नाही. 'अधिक प्रयत्नांची गरज' म्हणजे प्रयत्नच नाहीत. 'वर्तन ठीक' म्हणजे एकदा काहीतरी झालेलं आहे, पण ते कागदावर नको. 'हुशार, पण' इथेच थांबलेला एक शेरा माझ्या चुलतभावाला मिळाला होता. गुरुजींना मध्येच कुणीतरी हाक मारली असावी. त्या 'पण'चं पुढे काय, यावर आमच्या सोप्यात कित्येक संध्याकाळी गेल्या आणि भाऊ आता दोन पोरांचा बाप झाला तरी लग्नाकार्यात कुणीतरी तो 'पण' काढतोच. मला स्वतःला कायम 'बोलणे कमी करावे' असायचं. वर्ग बदलला, गुरुजी बदलले, शेरा बदलला नाही. हा लेख इथवर वाचलेल्यांना गुरुजींचं म्हणणं पटलं असेल.

तर अशा या वाङ्मयासाठी मी सूत्र सुचवलं. पाचशेच्या वर 'उत्तम', चारशेच्या वर 'चांगले', खाली उतरत जायचं. बाई म्हणाल्या, "नको. शेरा मी हातानं लिहीन. तुमच्या सूत्राला पोरं म्हाईत हाईत काय?" मला राग आला. त्यांचं खरं होतं म्हणून जरा जास्तच आला.

मग छापून बघितलं. A4 कागद, नेहमीचा समास, ओळीची उंची पंधरा पॉइंट. एका पानावर अठ्ठेचाळीस ओळी बसतात. म्हणजे चार ठोकळे पुरे आणि पाचव्याच्या आठ ओळी. त्याची शेऱ्याची ओळ उडी मारून पुढच्या पानाच्या माथ्यावर, बरोबर सहाव्या मुलाच्या नावाच्या वर. बाईंनी पाचव्याला लिहिलेलं 'वर्गात झोपतो' सहाव्याच्या घरी गेलं असतं. यावर मॅक्रो वगैरे काही लागत नाही. सगळ्या ओळींची उंची अठरा पॉइंट केली की पानावर चाळीसच ओळी मावतात आणि चार ठोकळे नेमके बसतात. अकरा पानांत वर्ग संपतो.

मग मी वर एक ओळ घालून गावाचं नाव टाकायला गेलो. आमच्या गावात पाटी ही साधी गोष्ट नाही. जुलै २०१४ मध्ये वेशीवरची 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' ही पाटी हटवली आणि त्यापायी गावात लाठीमार झाला. इथे पाटीने वेगळाच घोळ घातला. वर एक ओळ वाढली, सगळ्या ओळींचे क्रमांक एकाने सरकले आणि पहिल्या मुलाचं नावच गेलं. त्याचा ठोकळा थेट मराठीपासून सुरू. सूत्र ROW() वर उभं असलं की वर काही घालायचं नाही. शीर्षक हवं तर ते छपाईच्या हेडरमध्ये द्यावं.

शेवटी पडताळा. नव्या पानावरच्या सगळ्या 'एकूण' ओळींची बेरीज आणि मूळ तक्त्याची बेरीज एक आली पाहिजे:

```
=SUMIF(B:B,7,D:D)-SUM(Marks!C3:H45)
```

उत्तर शून्य आलं. मी खुर्चीला टेकलो, हात डोक्यामागे घेतले. बाई मात्र एकेक ठोकळा वाचत होत्या, बोट पडद्यावर ठेवून. तेराव्यावर बोट थांबलं. मराठी ८८, इंग्रजी ६१, कन्नड ७४, गणित ५२, विज्ञान ५८, समाजविज्ञान ०. एकूण ३३३.

"हिला शून्य नाही," बाई म्हणाल्या. "ती आलीच नव्हती त्या दिवशी. मसूर काढायला गेली होती आईबरोबर."

मूळ तक्त्यात तिची चौकट रिकामी होती. INDEX ला रिकामी चौकट दिली की ते शून्य दाखवतं. त्याचा स्वभावच तसा. बेरजेलाही फरक पडत नाही, म्हणून माझा पडताळा तिथून बेलाशक पास झाला. आडव्या तक्त्यात रिकामी जागा रिकामीच दिसत होती, मी तिला उभी केली आणि शून्य उभं राहिलं. ती मुलगी आणि तिची आई मला माहीत आहेत. आईला वाचता येतं, सावकाश, एकेक ओळ. 'समाजविज्ञान' आणि समोर भोपळा, हे तिने नीट वाचलं असतं. मुलीने "मी तुझ्याबरोबर शेतात होते" म्हटलं असतं, आणि छापील कागदापुढे आईने कुणाचं खरं मानलं असतं, हे मला सांगवत नाही. ज्या दिवशी तिने घरचं काम केलं, त्याच दिवसाचा तो भोपळा.

बाईंनी मला काही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "हे दुरुस्त होतंय न्हवं?" मी भुवया आवळल्या नाहीत.

दुरुस्ती छोटी आहे. D मधल्या विषयाच्या भागात आधी विचारायचं, चौकट रिकामी आहे का. असेल तर प्रश्नचिन्ह छाप:

```
IF(INDEX(Marks!$A:$H,A1+2,B1+2)="","?",INDEX(Marks!$A:$H,A1+2,B1+2))
```

प्रश्नचिन्ह एवढ्यासाठी की रिकाम्या चौकटीचे अर्थ दोन: मूल आलं नाही, किंवा गुण भरायचे राहिले. कुठला ते सूत्राला कळत नाही, बाईंना कळतं. त्यांनी मूळ तक्त्यात तिथे 'गै.ह.' टाइप केलं. SUM अक्षरं सोडून देतं, त्यामुळे एकूण ३३३ च राहिलं. तेच गुण C15+D15+E15+F15+G15+H15 असे अधिक चिन्हांनी मिळवले असते, तर #VALUE! आलं असतं. आणखी दोन पोरांच्या नावापुढे प्रश्नचिन्हं निघाली. त्यातलं एक आजारी होतं, दुसऱ्याचा पेपर गठ्ठ्यात खाली राहिला होता. त्याला ६९ होते.

तेव्हा गुण भरणाऱ्या सगळ्या सर-बाईंना एवढंच सांगणं: मूल आलं नसेल तर चौकट रिकामी ठेवू नका, 'गै.ह.' लिहा, आणि शून्य खरोखरच मिळालं असेल तर शून्य लिहा. राहता राहिलं उभ्या ठोकळ्यांचं. वर्डमधल्या मेल मर्जने हेच काम सरळ होतं, मुलाला एक पान अशा हिशेबाने, एकूणाच्या बेरजेपलीकडे एकही सूत्र न लिहिता. येत असेल तर तेच करा. फक्त आमच्या बाईंना सांगू नका.