नळीचं वजन कोणी धरलं?

ऐकलंत का? आमच्या नावड्यात आता मटण जेवणाच्या टेबलावर काट्याने तोलून खातात! मेलं, खाटकाच्या दुकानातला काटा काय कमी होता?

गटारीच्या आदल्या रविवारची गोष्ट. तांदळाच्या भाकऱ्या वाफाळतायत, आगरी मसाल्याच्या वासाने जिना दरवळतोय, आणि आमचा जिमवेडा पुतण्या वाटी काट्यावर ठेवून मोबाइल चाळतोय. "काकी, वाटी वगळून 250 ग्रॅम! शिजलेल्या मटणात 100 ग्रॅमला 27 प्रोटीन. म्हणजे झाले की 67!"

67? एका वाटीत? अख्ख्या दिवसाचं प्रोटीन एका वाटीत कोंबलंन की मेल्याने! म्हटलं, बाबा रे, तो आकडा निव्वळ मांसाचा. तू तर हाड, पाणी, वाटण, तेल सगळंच तोललंस. काढ बघू फोडी बाहेर.

रस्सा निथळून फोडी भरल्या 112 ग्रॅम. म्हणजे उरलेला 138 ग्रॅम नुसता रस्सा. त्याने फोडी खाल्ल्या आणि मी चोखलेली हाडं परत काट्यावर ठेवली. (सासूबाईंनी कपाळाला हात लावला.) हाडं 40. पोटात मांस गेलं 72 ग्रॅम, त्याचं प्रोटीन 19 च्या आसपास. रश्शात उतरलेलं आणि वाटणातल्या खोबऱ्याचं मिळून फार तर दोन-एक ग्रॅम धरा. म्हणजे सगळे मिळून 20-21. पोराचा चेहरा अळणी पाण्यासारखा झाला!

तेलाचं तर विचारूच नका. वर लालभडक तवंग तरंगतोय, काटा तोही इमानदारीने मोजतोय. मोठा चमचाभर तेल म्हणजे 14 ग्रॅम वजन, सव्वाशे कॅलरी आणि प्रोटीनच्या नावाने शून्य.

मग साहेबांनी दुसरी शक्कल काढली: आणलं किलोभर, म्हणजे 270! अरे, किलो कच्चं, तेही हाडासकट. हाडं गेली 280, उरलं 720. कच्च्या मटणात पाणी जास्त, म्हणून प्रोटीन शेकडा 20 च्या घरात. शिजताना पाणी सुटून मांस आक्रसतं, म्हणून शेकड्याचा आकडा वाढतो, प्रोटीन नव्हे. अख्ख्या टोपात साधारण 140. आम्ही जेवायला सात, म्हणजे वाटणीला 20 च. हिशेब जुळला! पण वाढणारीचा डाव टोपभर सारखा थोडाच फिरतो? एकाच्या वाटीत मऊ मांसाच्या फोडी, दुसऱ्याच्या वाटीत गर्दनीची हाडं. तेव्हा आपल्या वाटीतली हाडं तोलल्याशिवाय सुटका नाही.

पुढच्या खेपेला पोरगा वाढायच्या आधीच टोपाशी हजर. "काकी, मला नळी नको, त्यात नुसती चरबी." ज्या नळीपायी आमच्या घरात अबोले झालेत, ती नको! तिन्ही नळ्या सासूबाईंच्या ताटात पडल्या. ताटावर ठोकून मगज काढत म्हणाल्या, "येऊ दे गं त्याचा काटा दर रविवारी."