फॉर्मातला खर्रा

पवनारात राहणाऱ्या माणसाची एक पंचाईत असते. धाम नदीच्या काठावर विनोबांचा आश्रम आहे, त्यामुळे बाहेरच्यांना वाटतं की गावातला प्रत्येक जण थोडाफार सत्यवादी असणारच. नागपूरचे पाहुणे तर माझ्याकडे असे पाहतात, की भूदानात दोन-चार एकर मीच दिली असावी. प्रत्यक्षात मी खर्रा खातो. तोही लपून. म्हणजे मी लपवतो आणि घरात सगळ्यांना माहीत असतं.

चाळिशी उलटल्यावर पन्नास लाखांचा टर्म विमा काढायचं ठरलं. या विम्याचा हिशेब सोपा आहे. मी गेलो तर बायकोला पन्नास लाख, नाही गेलो तर कोणालाच काही नाही. फॉर्म भरायला बायकोचा मावसभाऊ आला. तो एजंट आहे आणि त्याचं बोट टॅबवर सुपारीच्या अडकित्त्यासारखं चालतं. तंबाखू? नाही. ब्लडप्रेशर? नाही. आधीची पॉलिसी? नाही. आधी कोणत्या कंपनीनं तुमचा विमा नाकारला, लांबवला, हप्ता वाढवला? नाही, नाही, नाही.

"अरे, पण मी..."

"भाऊजी, तुमी फक्त ओटीपी सांगा. बाकी मी पाह्यतो."

मी ओटीपी सांगितला. चहा झाला. तो गेला.

आता खरी उत्तरं सांगतो. खर्ऱ्याचं वर आलंच आहे. दोन वर्षांपूर्वी सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात बीपी दीडशेच्या वर निघालं होतं, गोळी लिहून दिली होती. बरं वाटल्यावर ती मी स्वतःच्या अधिकारात बंद केली. आणि शाळेच्या पगारातून एक एलआयसीचा हप्ता वर्षानुवर्षे कापला जातो. पैसे हातात येतच नाहीत, म्हणून ती पॉलिसी आहे हे माझ्या लक्षातच नव्हतं. पहिले तीन ‘नाही’, तिन्ही खोटे.

विमा म्हणजे करार, पण भाजीबाजारातल्या करारासारखा नाही. वांगी किडकी आहेत की नाहीत हे गिऱ्हाईक स्वतः पाहू शकतं. माझ्या छातीत आणि खिशात काय आहे हे कंपनीला दिसत नाही. ते फक्त मला ठाऊक असतं. म्हणून कायदा विमेदाराकडून परम सद्भावाची अपेक्षा करतो: जोखीम घ्यावी की नाही आणि किती हप्त्यावर, हे ठरवताना ज्या गोष्टीचा फरक पडेल ती दडवायची नाही. तंबाखू खाणाऱ्याचा हप्ता जास्त असतो. बीपीवाल्याला जादा तपासणी लागते. आधीची पॉलिसी यासाठी विचारतात, की महिन्याला चाळीस हजार कमावणारा माणूस दोन कोटींचा विमा काढून बसला, तर कंपनीला त्याच्या तब्येतीपेक्षा त्याच्या हेतूची काळजी वाटते.

"एजंटनं भरलं, मला काय ठाऊक" ही सबब मी मनात तयार ठेवली होती. ती सर्वोच्च न्यायालयात आधीच वापरून झाली आहे. रिलायन्स लाइफच्या 2019 च्या प्रकरणात एका माणसानं जुलै 2009 मध्ये एका कंपनीकडून अकरा लाखांचा विमा घेतला आणि सप्टेंबरमध्ये दुसऱ्या कंपनीकडे दहा लाखांचा अर्ज केला. दुसऱ्या फॉर्मात पहिल्या पॉलिसीचा उल्लेख नव्हता. काही महिन्यांत तो वारला. दुसऱ्या कंपनीनं दावा नाकारला आणि प्रकरण शेवटपर्यंत गेलं. न्यायालयानं कंपनीची बाजू उचलून धरली. फॉर्म कोणीही भरलेला असो, खाली सही करणाऱ्यानं आतलं मान्य केलं असंच धरलं जातं. म्हणजे मेव्हण्याची बोटं, पण खोटं माझं. आणि आता तर सहीही नाही, सहा आकडे पुरतात.

मेव्हण्याला फोन केला, तर तो म्हणाला, "भाऊजी, तीन वर्षं काढा फक्त. मंग कोणी काही करू शकत नाही." हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त धोक्याचं. विमा कायद्याचं कलम 45, 2015 च्या दुरुस्तीनंतर, सांगतं की तीन वर्षांनंतर आयुर्विम्यावर कोणत्याही कारणानं आक्षेप घेता येत नाही. पण ही तीन वर्षं पॉलिसी निघाल्यापासून, जोखीम सुरू झाल्यापासून, किंवा बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्यापासून, यांतलं जे शेवटचं असेल तिथून मोजतात. हप्ता चुकवून पॉलिसी पुन्हा जिवंत केली की घड्याळ नव्यानं सुरू. शिवाय त्या तीन वर्षांत मी न मरण्याची हमी मेव्हणा देत नव्हता. तेवढ्या काळात गेलो, तर कंपनीचा माणूस सेवाग्रामला जाऊन माझा केसपेपर काढणार, हे नक्की.

दडवलेली प्रत्येक गोष्ट दावा बुडवतेच असंही नाही. एलआयसीच्या विरोधातल्या मोटेगावकर प्रकरणात विमेदारानं कमरेच्या मणक्याचा जुना त्रास सांगितला नव्हता आणि तो हृदयविकारानं गेला. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दावा नाकारणं चुकीचं ठरवलं, कारण त्या त्रासाचा मृत्यूशी काही संबंध नव्हता. कलम 45 मध्येही कंपनीवर भार आहे: हे आधी कळलं असतं तर आम्ही पॉलिसीच दिली नसती, हे तिनं दाखवायचं असतं. फसवणूक नसून केवळ चुकीची माहिती असेल, तर भरलेला हप्ता तिला परत करावा लागतो. पण पन्नास लाखांऐवजी हप्ते परत मिळणं आणि तेही वकिलाच्या पायऱ्या झिजवून, हे विधवेला कोण समजावणार? कंबर माफ होईल. खर्रा आणि हृदय यांचं नातं मात्र न्यायाधीशाला समजावून सांगावं लागत नाही.

माझी सुटका शेवटी कंपनीच्या फोननं झाली. वैद्यकीय माहिती पडताळायला एक बाई बोलत होत्या, फोन स्पीकरवर होता.

"सर, तंबाखू किंवा तंबाखूजन्य पदार्थ?"

"नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "आन् तो खर्रा? तो का प्रसाद होय?"

फोनवर थोडी शांतता. मग बाई नम्रपणे म्हणाल्या, "सर, कॉल रेकॉर्ड होतोय. उत्तर बदलायचंय का?" मी बदललं. सुरू झालंच होतं म्हणून बीपीही सांगितलं आणि पगारातून कापली जाणारी पॉलिसीही. बायको पोळपाट घेऊन दारात उभी राहिली. बीपीची गोळी बंद केल्याचं तिला तेव्हाच कळलं. कंपनीपेक्षा जास्त प्रश्न तिनं विचारले आणि तिच्यासाठी तीन वर्षांची मुदत नसते.

पुढे रक्त-लघवी तपासली. लघवीत कोटिनीन नावाचा निकोटीनचा अवशेष सापडतो, म्हणजे मी खोटंच बोलत राहिलो असतो तरी बाटलीनं खरं सांगितलं असतं. हप्ता अकरा हजारांऐवजी सतरा हजार झाला. वाढीव हप्त्याला संमती देणारं पत्र मी स्वतः वाचून पाठवलं. मेव्हणा आठवडाभर बोलत नव्हता.

तुमच्या पॉलिसीच्या कागदांत तुम्ही भरलेल्या प्रस्तावाची प्रत असते. नवी असेल तर हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. जुनी असेल तर चुकलेलं उत्तर कंपनीला लेखी कळवून पोच घेता येते. आज जेवण झाल्यावर ती प्रत काढा आणि प्रत्येक ‘नाही’समोर बोट ठेवून वाचा, शक्यतो बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात.